नवीन नवीन प्रेम आणि जुन्या मैत्रिणी: वेळ कसा वाटायचा (नागपूरच्या पोट्टींसाठी, पोट्ट्यांनाही चालेल)

मागच्या नोव्हेंबरमधली गोष्ट. शनिवारी संध्याकाळी आई सीताबर्डीच्या मेन रोडवर स्वेटर पाहत होती आणि तिला तिथे माझी बँकवाली मैत्रीण भेटली. प्रॉब्लेम एवढाच की घरी सांगितल्याप्रमाणे मी त्या वेळी ह्याच मैत्रिणीच्या घरी होते. खरं म्हणजे मी फुटाळ्यावर होते, त्याच्यासोबत चहा पीत.

आईने विचारलं, "अगं तू इथे काय करून राहिली? आमची कुठाय?" मैत्रीण एक सेकंद पण न थांबता म्हणाली, "काकू, ती नं पार्लरमध्ये बसून आहे, गर्दी होती म्हणून मी जरा चक्कर मारायला आले." मी वाचले. पण रात्री तिचा फोन आला आणि ती जे बोलली ते मला अजून पाठ आहे. "बे, मी तुझ्यासाठी खोटं बोलते, काही वाटत नाही मला. पण महिन्यातून एकदा तरी खरंच भेटत जा नं, म्हणजे थोडं तरी खरं होईल."

आम्ही सव्वादोन महिने भेटलो नव्हतो. घरच्यांच्या हिशोबाने मात्र मी दर आठवड्याला तिच्याकडेच असायची.

तेव्हापासून आतापर्यंत जे काही करून पाहिलं, त्यातलं जे जमलं ते खाली लिहितेय. माझी परिस्थिती आधी सांगून देते म्हणजे तुम्हाला तुमच्याशी जुळवून पाहता येईल. वय 27, सुभाषनगरला आईबाबांसोबत राहते, नोकरी मिहानमध्ये, शनिवार-रविवार सुट्टी, रात्री साडेनऊच्या आत घरी. जवळच्या मैत्रिणी तीन: एक बँकेत, धरमपेठेत राहते, एक सक्करदऱ्याची, कोचिंग क्लासमध्ये शिकवते म्हणून तिच्या सगळ्या संध्याकाळी भरलेल्या, आणि एक लग्न होऊन वर्ध्याला गेली. तो एका शोरूममध्ये आहे, त्याची सुट्टी मंगळवारी. हे मंगळवारचं लक्षात ठेवा, पुढे लागेल.

काय काय लागेल

तुमचा फोन, त्यातला कॉल लॉग आणि यूपीआयची हिस्ट्री, एक कोरा कागद, आणि एक तास ज्यात तो किंवा ती ऑनलाइन नसेल. बस.

1. आधी मागच्या चार आठवड्यांचा खरा हिशोब काढा

आठवणीवर जाऊ नका. आठवण सोयीची असते, मला तर अगदी खात्रीने वाटत होतं की मी सगळ्यांना वेळ देते. यूपीआय उघडा आणि चहा, कॅफे, पार्किंग, पेट्रोल, पाणीपुरी असे छोटे छोटे पेमेंट पाहा, कोणत्या दिवशी कुठे होते आणि कोणासोबत हे पाच मिनिटांत समोर येतं. कॉल लॉगमध्ये कोणाशी किती मिनिटं बोलले ते असतंच.

मग आठवड्यात तुमच्या हातात खरोखर किती तास असतात ते मोजा. ऑफिस, मेट्रो, झोप, घरची कामं, आजारी आत्याला भेटायला जाणं वगैरे काढून. माझे निघाले आठवड्याला 16, म्हणजे कामाच्या दिवसांतल्या तीन संध्याकाळी दोन दोन तास, शनिवारी चार आणि रविवारी सहा. चार आठवड्यांचे 64.

त्यातले 51 तास त्याच्यासोबत. मैत्रिणींसोबत 4, तेही एकीचा वाढदिवस होता म्हणून. उरलेले 9 कुठे गेले हे शोधताना मला खरा दगा सापडला. ते तास मी त्याची वाट पाहण्यात घालवले होते. रविवारी सकाळी तो दहाला शोरूमला जायचा, त्याआधी कधी उठेल, फोन करेल म्हणून मी साडेसातपासून अंथरुणात फोन घेऊन पडलेली. सक्करदऱ्याची मैत्रीण ज्या एकाच वेळी मोकळी असते ती हीच, रविवार सकाळ. आणि मी तिला "यार बिझी आहे" म्हणत होते.

तुमच्या कागदावर पण हे तास असतील, नक्की शोधा. भेटण्यात गेलेले तास सोडा, ते तर चांगलेच गेले. "कदाचित तो मोकळा असेल" म्हणून राखून ठेवलेले तास वेगळ्या रंगाने लिहा. मैत्रिणींना पहिल्यांदा द्यायचे ते हेच, कारण ते दिल्याने पार्टनरचं एक मिनिटही कमी होत नाही.

आणि आकडा वाईट निघाला तर लगेच स्वतःला शिव्या घालू नका. रॉबिन डनबर म्हणून ऑक्सफर्डचे एक संशोधक आहेत, माणसाला किती नाती झेपतात ह्यावर त्यांचं बरंच काम आहे. आपल्या एकदम आतल्या वर्तुळात, म्हणजे अडचणीत ज्यांच्याकडे धावत जाऊ अशी, साधारण पाच माणसं असतात. 2015 मध्ये त्यांच्या एका पेपरमध्ये आलं होतं की प्रेमात पडलेल्यांच्या त्या वर्तुळात सरासरी दोन माणसं कमी दिसतात. म्हणजे हे सगळ्यांचंच होतं. फक्त बाहेर कोण चाललंय ते आपण पाहत नाही, आणि माझ्या केसमध्ये तर ती माझ्यासाठी सीताबर्डीला उभी राहून खोटं बोलत होती.

2. घरी सांगायच्या कारणातून मैत्रिणीला बाहेर काढा

हा मुद्दा मला कोणी सांगितला नव्हता म्हणून जरा लांब लिहिते. आपल्याकडे बहुतेक घरांत "त्याला भेटायला जाऊन राहिली" असं सांगता येत नाही, मग काय सांगतो आपण? "तिच्याकडे जाते." एकदा दोनदा ठीक आहे. पण ह्यात तीन गोष्टी होतात.

एक म्हणजे घरच्यांच्या डोक्यात मैत्रिणीचा कोटा संपतो. मला खरंच बँकवालीकडे जायचं होतं त्या रविवारी आई म्हणाली, "परवाच तर गेली होतीस, रोज रोज काय असतं तुमचं?" आता काय सांगणार. तुम्ही तिच्या नावावर वेळ उधार घेता आणि मग तिच्यासाठी काहीच उरत नाही.

दुसरं, तिला सतत तयार राहावं लागतं. आईचा फोन आला तर उचलायचा की नाही, काय सांगायचं, बाहेर कुठे फोटो टाकायचा की नाही. बँकवालीने नंतर सांगितलं की शनिवारी ती स्टेटस टाकायच्या आधी मला मेसेज करून विचारायची. मी तिचे ते मेसेज वाचायचे आणि नुसता अंगठा पाठवायचे.

तिसरं, उद्या घरी कळलं की सगळ्यात आधी ती वाईट ठरते. "तिनेच नादी लावलं." तुम्ही तर घरच्या आहात, तुम्हाला माफ करतील.

मी काय केलं ते सांगते. तिच्या नावाची सबब पूर्ण बंद. त्याला भेटायचं असेल तर "बाहेर जातेय, नऊपर्यंत येते", आणि कोणासोबत विचारलं तर "ऑफिसचे लोक आहेत." हेही अर्धं खोटंच आहे, मला माहितेय, पण ह्यात कोणाची मान अडकत नाही. आणि जिच्याकडे खरंच चाललेय तिचं नाव तेव्हाच घ्यायचं. फेब्रुवारीत मी आईला त्याच्याबद्दल सांगून टाकलं, बाबांना अजून नाही. सांगायचं की नाही हा ज्याच्या त्याच्या घराचा प्रश्न, मी त्यात सल्ला देणार नाही. ज्यांना घरून धोका आहे त्यांनी तर अजिबात घाई करू नका. पण कधी गरज पडलीच तर मैत्रिणीला आधी विचारा, प्रत्येक वेळी विचारा, आणि तिला "नाही" म्हणता येईल असं विचारा.

3. एक वेळ अशी ठरवा जी हलत नाही

"भेटू गं लवकर" हे वाक्य बंद करा. ह्याचा अर्थ काहीच होत नाही. त्याऐवजी वार, वेळ, जागा.

आमचं ठरलं एक आड एक रविवार, सकाळी साडेसात ते दहा, कस्तुरचंद पार्कजवळ तर्री पोहे आणि मग जिथे सावली सापडेल तिथे बसणं. सकाळच का, तर सक्करदरावाली तेव्हाच मोकळी, बँकवालीलाही सुट्टी, घरी कोणी हरकत घेत नाही कारण सकाळी साडेसातला कोणी लफडं करायला जात नाही असा सगळ्या आयांचा विश्वास आहे, आणि एप्रिल-मेमध्ये नागपुरात दहानंतर बाहेर बसायचं म्हणजे स्वतःची भाजी करून घेणं. तुमच्या ग्रुपची वेळ वेगळी निघेल. पण शोधताना "पार्टनर ज्या वेळी तसाही मोकळा नसतो" तिथून सुरू करा.

ह्याशिवाय महिन्यातून दोन बुधवारी मी मेट्रोतून येताना सुभाषनगरच्या एक स्टेशन आधीच, धरमपेठ कॉलेजला उतरते आणि सव्वा तास बँकवालीकडे बसते. काही प्लॅन नाही, तिची आई भाजी निवडत असते, आम्ही पण निवडतो.

वर्धेवालीचं वेगळं आहे. तिला भेटणं चार महिन्यांतून एकदा होतं. पण खापरीहून सीताबर्डी, तिथे लाइन बदलून सुभाषनगर, हा माझा रोजचा पाऊण तास कोणाच्याच नावावर नव्हता, मी नुसती रील्स पाहायची. आता गुरुवारी तो तिचा. ती तेव्हा बाळाला फिरवत असते, मध्ये मध्ये बोलणं तुटतं, चालतं.

आता हिशोब करा. दोन रविवार म्हणजे पाच तास, दोन बुधवार म्हणजे अडीच. साडेसात, म्हणजे धरा आठ. चौसष्टपैकी फक्त आठ! मला वाटत होतं की सगळं समसमान वाटावं लागेल, बत्तीस-बत्तीस, आणि ते जमणारच नाही म्हणून मी सुरुवातच करत नव्हते. पण चाराचे आठ झाले आणि तक्रार संपली. कारण त्यांना तास कमी पडत नव्हतेच, त्यांना माहीत नव्हतं की मी येणार की नाही. बँकवालीच्या भाषेत, "तुझी एफडी पाहिजे आम्हाला, छोटी चालेल."

सापळा इथे एक आहे. ठरलेली वेळ पहिल्यांदा मोडायची पाळी दुसऱ्या तिसऱ्या वेळीच येते. त्याचा मित्र पुण्याहून येणार असतो, किंवा त्याला अचानक रविवारी सुट्टी भेटते. तेव्हा मोडली तर ती वेळ कायमची गेली समजा. हॉस्पिटल, परीक्षा, घरी कार्य ही कारणं चालतात. "तो अचानक फ्री झाला" हे चालत नाही. आणि मोडावीच लागली तर त्याच मेसेजमध्ये पुढची तारीख द्या, नुसतं सॉरी नको.

4. पार्टनरला सांगा, विचारू नका

"मी रविवारी मैत्रिणींना भेटू का?" असं विचारलं की समोरच्याला हो-नाही म्हणायची खुर्ची देऊन बसता. मी आधी असंच करायची आणि तो "जा नं, मी काय नाही म्हणतो का" असं तोंड पाडून म्हणायचा आणि मग मी पोहे खाता खाता दर दहा मिनिटांनी त्याला मेसेज करायची. म्हणजे इकडे पण नाही, तिकडे पण नाही.

नंतर एकदा नीट बसून सांगितलं. जे बोलले ते जवळजवळ असं होतं: "एक आड एक रविवारी सकाळी मी ह्यांच्यासोबत असते, फोन पर्समध्ये असतो, दहानंतर मी तुला फोन करते. हे तुझ्यामुळे कमी करायचं नाहीये मला. तुला माझ्याकडून कोणती वेळ पक्की पाहिजे ते तू सांग." शेवटचं वाक्य विसरू नका, त्यानेच काम झालं. कारण तो म्हणाला, "माझी सुट्टी मंगळवारी असते, त्या दिवशी तू दमून येते आणि झोपते. मला रविवार नकोच आहे, मंगळवार पाहिजे." मला दहा महिन्यांत हे सुचलं नव्हतं. आता मंगळवारी तो मला खापरीला घ्यायला येतो, येताना आम्ही कुठेतरी थांबतो, नऊ-सव्वानऊला घरी. त्याचे तास 51 वरून 42 झाले आणि तो जास्त खूश आहे, काऊन तर पक्के आहेत.

एवढं सांगूनही दर भेटीच्या आधी भांडण होत असेल, किंवा लाइव्ह लोकेशन मागितलं जात असेल, "ती मैत्रीण मला आवडत नाही" असं एकेकीबद्दल सुरू झालं असेल, तर हा लेख बंद करा. ते वेळापत्रकाने सुटत नाही. मैत्रिणींना सांगा, आणि आधी सांगा.

5. त्याला ग्रुपमध्ये आणायचं, पण जपून

दर वेळी सोबत आणू नका. तो आला की गप्पा बदलतात, सगळ्या नीट बसतात, कोणाच्या सासूचा विषय निघत नाही. आमच्याकडे चार भेटींत एखादी वेळ तो येतो, आणि ते आधीच्या दिवशी ग्रुपवर सांगितलेलं असतं. ऐन वेळी गाडीवर मागे बसून घेऊन जायचं नाही, मी केलंय, सक्करदरावालीने अर्धा तास फक्त पोह्यांची तारीफ केली.

पहिली भेट छोटी ठेवा. आम्ही अंबाझरीला सकाळी चालायला गेलो होतो. चालताना एकमेकांच्या तोंडाकडे पाहत बसावं लागत नाही आणि तास-दीड तासात आपोआप संपतं.

आणि मैत्रिणींनी सांगितलेलं त्याच्यापर्यंत नेऊ नका. बँकवालीच्या लग्नाचं बोलणं फिसकटलं ते मी त्याला सांगितलं होतं, त्याने तिला भेटल्यावर बिचाऱ्याने चांगल्या मनाने धीर दिला. ती घरी जाईपर्यंत माझ्याशी बोलली नाही.

6. गिल्ट आला तर आधी त्याची चौकशी करा

मला दोन प्रकारचा येतो. एक खरा: मी शब्द दिला आणि मोडला. डिसेंबरमध्ये बँकवालीच्या वडिलांना ॲडमिट केलं होतं आणि मला तीन दिवसांनी कळलं, कारण ग्रुप म्यूट होता. तो गिल्ट बरोबरच होता. त्यावर उपाय एकच, तिच्याकडे जाणं. मी आधी केक मागवून पाठवला होता, तो तिने शेजारी देऊन टाकला. मग गेले, दोन रात्री हॉस्पिटलच्या बाकड्यावर तिच्यासोबत बसले, त्या आठवड्यात त्याला एक तासही दिला नाही आणि तोही काही बोलला नाही.

दुसरा प्रकार म्हणजे कोणी काहीच म्हटलेलं नसतं आणि आपण पोहे खाताना त्याच्यासाठी, त्याच्यासोबत असताना ह्यांच्यासाठी वाईट वाटून घेतो. तेव्हा मी स्वतःला विचारते की ठरलेलं काही मोडलंय का? नाही ना? मग फोन पर्समध्ये. तो गिल्ट पंधरा-वीस मिनिटांत आपोआप जातो, फक्त त्या वेळात मेसेज करायचा नाही, केला की वाढतो.

आणि एक गोष्ट, गिल्ट त्यांच्याकडेही असतो. तुम्हाला बोलवायला मैत्रिणी लाजतात, "तिला डिस्टर्ब नको करायला" म्हणून. सक्करदरावालीने एक नाटक पाहायला दुसऱ्यांना नेलं आणि मला सांगितलंच नाही, तिला वाटलं मी नाही म्हणताना अवघडेन. म्हणून स्पष्ट सांगून ठेवा: "मला बोलवत जा, नाही जमलं तर मी नाही म्हणीन, तुम्ही माझ्या वतीने ठरवू नका." आम्ही ग्रुपवर हेच लिहून पिन करून ठेवलंय.

7. दोन महिन्यांनी कागद वापस काढा

शिफ्ट बदलतात, कोणाचं लग्न ठरतं, पावसाळ्यात सकाळचं फिस्कटतं. जुलैमध्ये आमचे दोन रविवार पावसात गेले, मग आम्ही बँकवालीच्या गच्चीवरच्या खोलीत शिफ्ट झालो, पोहे पार्सल. वर्धेवालीचा गुरुवार आता शुक्रवार झालाय, बाळाच्या झोपेची वेळ बदलली.

येत्या रविवारी वापस कस्तुरचंद पार्क. सक्करदरावाली नेहमी वीस मिनिटं उशिरा येते, म्हणून तिला सव्वासातची वेळ सांगितली आहे. तिने हे वाचलं तर साडेसातला सांगावं लागेल.